तात्पर्य गाळल्यानंतर : बालकथेतील सूचित बोधाची मीमांसा

मराठी बालवाचनाशी ज्याचा थोडाफार परिचय आहे, त्याच्या मनात ‘तात्पर्य’ या शब्दाची एक ठरावीक जागा आहे. ती कथेच्या शेवटी, नव्या ओळीवर, बहुधा जाड ठशात असते. इसापाच्या कथा मराठीत फार लवकर आल्या. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने ‘बालबोध मुक्तावली’ 1806 मध्ये छापली गेली, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ 1828 मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. मराठी मुद्रित गद्याच्या अगदी प्रारंभीच नीतिकथेने मुलांच्या पुस्तकात घर केले ते असे. पुढे क्रमिक पुस्तकांनी कथेच्या शेवटी तात्पर्य देण्याची रूढी इतकी पक्की केली की, तात्पर्य नसलेली नीतिकथा ही शेपूट तुटलेल्या प्राण्यासारखी अपुरी वाटू लागली.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. मीमांसकांच्या व नैयायिकांच्या परिभाषेत तात्पर्य म्हणजे वाक्याच्या अखेरीस जोडलेला मजकूर नव्हे. समग्र वाक्याचा रोख ज्याकडे आहे, ते तात्पर्य. ते सर्व पदांच्या अन्वयातून निष्पन्न होते. क्रमिक पुस्तकाने हाच शब्द घेऊन त्याचा अर्थ नेमका उलटा केला. जे सर्व कथेतून निष्पन्न व्हावयाचे, ते कथा संपल्यावर वेगळे लिहून दाखविणे, असा तो अर्थ झाला.

ग्रीक परंपरेत या जोडओळीचा जन्म मुलांसाठी झालेला नाही, हेही येथे सांगावयास हवे. बेन एडविन पेरी या अभ्यासकाने दाखवून दिल्याप्रमाणे, प्राचीन कथासंग्रह हे मुख्यतः वक्त्यांच्या व लेखकांच्या उपयोगासाठी तयार झाले. कथा कोणत्या प्रसंगी वापरता येईल, याची सूचना कथेच्या आरंभी एका वाक्यात दिलेली असे. पाकिटावर आत काय आहे ते लिहावे, तशी. कालांतराने हे वाक्य आरंभावरून शेवटी सरकले आणि उपयोगाच्या सूचनेचा उपदेश झाला. वक्त्याला ती सूचना आवश्यक होती, कारण त्याला अनेक कथांतून एक निवडावयाची होती. ज्या मुलाने कथा नुकतीच ऐकली आहे, त्याला तिचा उपयोग काय, हा प्रश्न निराळा आहे.

रूसोने ‘एमिल’मध्ये (1762) या जोडओळीवर जो आक्षेप घेतला, तो याच दिशेचा होता. कथेतला बोध कथेतच समजत असेल तर शेवटची ओळ व्यर्थ आहे, आणि तो स्वतः शोधून काढण्यातला मुलाचा आनंद ती हिरावून घेते, असे त्याचे म्हणणे. रूसोचा हा आक्षेप योग्य आहे. पण त्यावरून अनेक संपादक जो निष्कर्ष काढतात, तो मात्र योग्य नाही. तात्पर्याची ओळ खोडली की कथा आपोआप सूचक होते, असा तो निष्कर्ष. वास्तविक ओळ खोडल्यावर संपादकाचे काम संपत नाही. ते तेथे सुरू होते.

याचे कारण संस्कृत काव्यशास्त्रात नेमकेपणाने सापडते. मम्मटाने रसदोषांची गणना करताना ‘स्वशब्दवाच्यता’ हा दोष प्रथम सांगितला आहे. शृंगार हा शब्द उच्चारल्याने शृंगार प्रतीत होत नाही. तो विभावानुभावांतून प्रतीत व्हावा लागतो. परंतु यातून असे मुळीच निघत नाही की, शृंगार हा शब्द गाळल्याने शृंगार निर्माण होईल. विभावच नसतील तर शब्द गाळूनही पदरात काही पडत नाही. कथेच्या शेवटी ‘खरे बोलावे’ असे सांगणे हा स्वशब्दवाच्यतेचाच बालबोध प्रकार आहे, आणि त्याच्यावरचा उपायही तोच : बोधाचे विभाव कथेत आहेत की नाहीत, हे प्रथम पाहणे.

मम्मटाच्याच गुणीभूतव्यंग्याच्या विवेचनात आणखी दोन संज्ञा अशा आहेत की, जणू त्या बालकथेच्या संपादकासाठीच योजल्या असाव्यात. व्यंग्य इतके उघडे असेल की ते वाच्यासारखेच भासते, तर ते ‘अगूढ’; आणि इतके दडलेले असेल की सहृदयालाही सहज गवसत नाही, तर ते ‘अस्फुट’. दोन्ही ठिकाणी व्यंग्याची प्रतिष्ठा उणावते. तात्पर्य गाळणारा संपादक या दोन काठांच्या मध्ये चालत असतो. मात्र मम्मटाचा सहृदय काव्यानुशीलनाने मन घडलेला असतो, तर बालकथेचा श्रोता सहा वर्षांचा असतो. त्यामुळे अस्फुटाचा काठ येथे पुष्कळच जवळ येतो.

ओळ खोडण्यापूर्वी बोध कथेत आणखी कोठे कोठे बसला आहे, हे पाहण्याची सवय असावी लागते. ‘लाल टोपडीवाली मुलगी’ या प्रसिद्ध युरोपीय कथेची दोन रूपे त्या दृष्टीने उद्बोधक आहेत. शार्ल पेरोच्या 1697 च्या संग्रहात लांडगा मुलीला खाऊन टाकतो, तेथे कथा संपते, आणि मग पद्यात तात्पर्य येते : तरुण मुलींनी कोणाचेही बोलणे ऐकून घेऊ नये, आणि गोडबोले लांडगे सर्वांत घातक. हे तात्पर्य उघडच लहान मुलांना उद्देशून नाही. ते दिवाणखान्यातल्या तरुणींना उद्देशून आहे. ते खोडले तर बोध नाहीसा होतो काय? होत नाही. मुलीची व लांडग्याची वनात गाठ पडते, त्या ठिकाणी पेरोने एका गौणवाक्यात सांगून टाकले आहे की, लांडग्याचे बोलणे ऐकत थांबणे धोक्याचे असते, हे त्या बिचारीला ठाऊक नव्हते. बोध तेथे आधीच येऊन गेला आहे. तो वाक्याच्या कडेला बसलेला आहे, म्हणून कथेची गती अडत नाही, एवढेच. पद्य खोडणाऱ्याने हे गौणवाक्यही उपदेश समजून खोडले, तर मात्र कथा खरोखरीच निर्बोध होईल, आणि केवळ एका क्रूर घटनेचे वृत्त शिल्लक राहील.

ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये हीच कथा दिली, तेव्हा पद्यमय तात्पर्य नाहीसे झाले. वरवर पाहता ही मोठी सुधारणा वाटते. पण त्यांनी आरंभी आईची सूचना घातली की, वाट सोडू नकोस; आणि शेवटी, शिकाऱ्याने सुटका केल्यावर, मुलगी मनाशी म्हणते की, आईने मना केले असता पुन्हा कधी वाट सोडून जाणार नाही. म्हणजे तात्पर्य गेले नाही. निवेदकाच्या तोंडून पात्राच्या मनात सरकले, आणि सरकता सरकता त्याचा विषयही बदलला. पेरोचा बोध परक्याच्या गोड बोलण्याविषयी होता. ग्रिमचा आज्ञापालनाविषयी झाला. ग्रिमच्या कथेतील शेवटचे मनोगत गाळले तर काहीच बिघडत नाही, कारण आईची सूचना, फुलांच्या मोहाने सुटलेली वाट आणि आजीच्या घरी आधीच पोहोचलेला लांडगा ही साखळी पूर्ण आहे. शिवाय आईने वाट न सोडण्याचे दिलेले कारण अगदी घरगुती आहे : पडशील आणि बाटली फोडशील. लांडग्याचा उल्लेखही तिच्या सूचनेत नाही. आईच्या मनातली भीती आणि वनातला खरा धोका यांमधले हे अंतर कोणत्याही तात्पर्यापेक्षा अधिक बोलके आहे. शेवटचे मनोगत त्या अंतरावर पडदा टाकते.

तात्पर्य पात्राच्या तोंडी घालणे हा उपाय मराठी बालकथेतही सर्रास योजला जातो. शेवटी आजोबा येतात, किंवा गुरुजी येतात, आणि तीच ओळ अवतरणचिन्हांत उच्चारतात. हे गाळणे नव्हे; ही केवळ विरामचिन्हांची अदलाबदल होय.

आता ज्या कथेत ओळ खोडल्यावर खरी अडचण उभी राहते, अशी एक कथा तपशीलवार पाहावी. ‘लांडगा आला रे आला’ ही कथा महाराष्ट्रात इतकी रुळली आहे की तिचे नाव वाक्प्रचार होऊन बसले आहे. मेंढपाळाचा पोर थट्टेने ओरडतो, गावकरी धावून येतात, तो हसतो. पुन्हा तसेच घडते. अखेर लांडगा खरोखर येतो, पोर ओरडतो, कोणी येत नाही, मेंढरे मारली जातात. नंतर तात्पर्य : खोटे बोलणाऱ्याने खरे सांगितले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ग्रीक गद्यरूपातही कथेचा शेवट मेंढरांच्या नाशाने होतो. पोरालाच लांडगा खातो, हा प्रकार नंतरचा आहे, आणि तो कथेला मुळीच उपकारक नाही. पोर मेला तर त्याच्यावरच्या अविश्वासाचे पुढे काय झाले, हा प्रश्नच उरत नाही.

रूढ पाठातील शेवटची ओळ खोडून पाहिली म्हणजे काय उरते? उरते ते एवढेच की, एका पोराच्या हाकेला गाव धावून आले नाही. का आले नाही, याचे उत्तर रूढ पाठ कोठेही देत नाही; ते फक्त तात्पर्यात आहे. म्हणजे येथे तात्पर्य हे कथेतील एका गाळलेल्या दुव्याची जागा भरीत होते. ते काढून घेताच ती पोकळी उघडी पडते. लहान श्रोता ती आपापल्या परीने भरणार. गावकरी वाईट होते, असे तो म्हणेल. किंवा त्यांना ऐकू गेले नसेल, असे म्हणेल. या दोन्ही उत्तरांना रूढ पाठात काहीही अटकाव नाही, कारण निवेदक सर्व वेळ पोराबरोबर टेकडीवर उभा आहे. टेकडीवरून गावाचे मौन निर्दयच दिसते.

म्हणून पहिली दुरुस्ती निवेदकाच्या जागेची. तिसरी हाक गावातून ऐकू आली पाहिजे. पण ती तशी ऐकवावयाची तर पहिल्या दोन हाकाही गावातून ऐकवाव्या लागतात, आणि मग त्या हाकांनी गावाचे काय मोडले, हे आपोआप कथेत येते. रूढ पाठ ‘गावकरी धावत आले’ एवढ्यावर भागवतो. धावण्याला किंमत पडत नाही, म्हणून फसवणुकीलाही पडत नाही. असे समजावे की, पहिल्या हाकेच्या वेळी एक शेतकरी मोट हाकीत आहे. मोट अर्धी वर आली असता तो बैल सोडून धावतो, आणि भरलेली मोट विहिरीत परत कोसळते. एका बाईची भाकरी तव्यावर आहे. ती तशीच टाकून ती निघते. टेकडीवर काही नसते, पोर हसतो. बाई घरी येते तेव्हा भाकरी करपलेली असते. दुसऱ्या हाकेला सारा गाव येत नाही. चारपाच माणसे येतात, आणि सर्वांत शेवटी, धापा टाकीत, काठी टेकीत एक म्हातारा येतो. पोर पुन्हा हसतो. म्हातारा तेथेच दगडावर बसतो, कारण त्याला लगेच परत चालवत नाही.

या मजकुरात ‘खोटे’ हा शब्द एकदाही नाही, आणि तो नसणे अगत्याचे आहे. रूढ पाठातील उपदेश केवळ शेवटच्या ओळीत नसतो; तो विशेषणांतून सर्वत्र पेरलेला असतो. ‘एक खोडकर, लबाड पोर होता’ असे पहिल्याच वाक्यात सांगितले की निवाडा कथेच्या आधीच झाला. तात्पर्य खोडून ‘लबाड’ ठेवणारा संपादक दार लावतो आणि खिडकी उघडी ठेवतो. उलट, पोर कंटाळला होता, दिवसभर त्याच्याशी बोलायला कोणी नव्हते, एवढे सांगितले तर श्रोत्याला त्याच्या बाजूने उभे राहता येते, आणि पुढे त्याच्याच बाजूने उभे असताना त्याला करपलेली भाकरी दिसते. बालकथेत श्रोता कोणाच्या पक्षाला जातो, यावर रूसोनेही जोर दिला होता : कावळा आणि कोल्हा यांच्या कथेत मुले कावळ्यापासून सावधपणा शिकत नाहीत, ती कोल्ह्याच्या बाजूची होतात, अशी त्याची तक्रार. येथे सोय अशी की, पोराच्या बाजूचा झालेला श्रोताही गावाचे नुकसान पाहतो.

आता तिसरी हाक. ती पुढीलप्रमाणे होऊ शकेल :

‘टेकडीवरून हाक आली. मोटेवरच्या माणसाने मान वर केली, टेकडीकडे पाहिले, आणि बैलांना पुढे घातले. मोट वर आली, पाणी पाटात पडले. पुन्हा हाक आली. बाईने भाकरी उलटली. ती चांगली फुगली होती.’

बोधाचे सर्व वजन येथे त्या भाकरीवर आहे. पहिल्या वेळी करपलेली भाकरी आठवणीत असलेल्या श्रोत्याला आता ती न करपल्याचे कारण कळते, आणि ते कळताच गावकरी का गेले नाहीत, हेही कळते. त्याचबरोबर टेकडीवर काय चालले असेल, याची भीतीही त्याच्या मनात उभी राहते. कारण हाक खरी आहे, हे श्रोत्याला ठाऊक आहे, गावाला नाही. तात्पर्याने जे एका सामान्य विधानात सांगितले होते, ते येथे दोन भाकऱ्यांमधल्या फरकात आले. दुसऱ्या हाकेनंतरही संख्या कमी होत गेली, सारा गाव, मग चारपाच, मग कोणीच नाही, हे लहान मुलाला मोजता येते. आणि जे मोजता येते ते समजावून सांगावे लागत नाही.

शेवट कोठे करावा, हा प्रश्न याहून अवघड आहे. सायंकाळी पोर रिकाम्या हाताने खाली उतरतो, येथवर वाद नाही. येथे म्हाताऱ्याने ‘बाळा, पाहिलेस ना?’ असे म्हटले की सारे मातीत गेले. ग्रिमच्या मनोगताचीच ती गत. म्हाताऱ्याने फक्त विचारावे : किती राहिली? पोर संख्या सांगतो. म्हातारा काही बोलत नाही. काठी घेतो आणि स्वतः मोजायला टेकडी चढू लागतो. या शेवटात रूढ तात्पर्यातील शब्द न शब्द आला आहे, आणि तरी कोणी तो उच्चारलेला नाही. शिवाय मूळ तात्पर्यात नसलेली एक गोष्टही आली : पोर आता खरे बोलत असूनही त्याला अविश्वासात पुढे राहावयाचे आहे, आणि म्हाताऱ्याला पुन्हा एकदा टेकडी चढावी लागत आहे. मात्र पाचसहा वर्षांच्या श्रोत्याला हा शेवट अस्फुट होण्याचा संभव आहे. म्हातारा मोजायला का गेला, हे त्याला कळेलच असे नाही. त्याच्यासाठी भाकरी पुरेशी आहे, आणि कथा पोर खाली उतरण्यापाशी थांबविणे बरे. आठनऊ वर्षांच्या श्रोत्यासाठी म्हाताऱ्याला टेकडी चढू द्यावी.

असा फेरपाठ साधला आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे? ‘या कथेवरून काय शिकलास?’ हा प्रश्न येथे निरुपयोगी आहे. त्या प्रश्नाला शाळेत ठरलेली उत्तरे असतात, आणि मूल कथा न ऐकताही ती देऊ शकते. विचारावयाचे ते कथेतील घटनेविषयी : गावकरी का आले नाहीत? श्रोता उत्तरादाखल भाकरी किंवा मोट सांगू लागला, किंवा आधी दोनदा फसवले म्हणून, असे म्हणाला, तर दुवा कथेत आला आहे. ‘त्यांना ऐकू गेले नाही’ असे उत्तर आले तर तो अस्फुट राहिला. आणि श्रोत्याने एकदम ‘खोटे बोलू नये’ असे म्हटले, तर पाठात कोठेतरी उपदेश अजून उघडा पडलेला आहे, नाहीतर ते मूल शाळेत फार हुशार आहे.

बोध सांगून टाकूनही तो कथेच्या पोटात कसा ठेवता येतो, याचा नमुना टॉलस्टॉयच्या एका अगदी लहान कथेत आहे. टॉलस्टॉयने 1872 मध्ये ‘अझबुका’ आणि 1875 मध्ये ‘नवी अझबुका’ ही मुलांची वाचनपुस्तके सिद्ध केली. इसापाच्या कथा घेतानाही त्याने शेवटची तात्पर्ये गाळली. शाळकरी वाचनासाठी लिहिलेल्या त्याच्या ‘आठोळी’ या कथेत आईने जेवणानंतर द्यावयाचे म्हणून अलुबुखार आणून ताटलीत ठेवले आहेत. वान्याने ते कधी खाल्लेले नाहीत. तो सारखा त्यांचा वास घेत फिरतो, आणि खोलीत कोणी नाहीसे पाहून एक खातो. आई मोजते, एक कमी भरतो. जेवताना वडील सर्वांना विचारतात. सगळी मुले नाही म्हणतात, लालबुंद झालेला वान्याही नाही म्हणतो. तेव्हा वडील म्हणतात की, कोणी खाल्ला असेल तर ते चांगले नाही, पण काळजीची गोष्ट ती नव्हे; आठोळी गिळली तर माणूस एका दिवसात मरतो, त्याची भीती वाटते. वान्या पांढरा पडतो आणि सांगून टाकतो की, आठोळी त्याने खिडकीबाहेर टाकली. सगळे हसतात, वान्या रडू लागतो. कथा येथे संपते.

या कथेत उपदेश नाही, असे सामान्यतः म्हटले जाते; ते खरे नाही. उपदेश आहे, आणि तो वडिलांनी स्पष्ट शब्दांत केलेला आहे : ते चांगले नाही. पण टॉलस्टॉयने त्याला वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात ठेवून लगेच ‘पण काळजीची गोष्ट ती नव्हे’ असे म्हणवून बाजूला सारले. पेरोच्या गौणवाक्यासारखीच ही युक्ती; फरक एवढाच की, पेरोचे वाक्य निवेदकाचे आहे आणि टॉलस्टॉयचे डाव टाकणाऱ्या बापाचे. श्रोत्याचे लक्ष आठोळीकडे वळते, वान्याचे वळते तसेच, आणि दोघेही एकदमच सापडतात. नंतरचे हसणे हा शिक्षेचा प्रकार म्हणावा, तर तो फारच सौम्य. पण रडू कोसळावयास तेवढे पुरते. वडिलांनी भीती घालण्यासाठी अतिशयोक्ती केली, म्हणजे खोटे पकडण्यासाठी खोट्याचाच आश्रय घेतला, ही गोष्ट टॉलस्टॉयने तशीच सोडून दिली आहे. तात्पर्याची एक ओळ जोडली असती तर ही अडचणीची गोष्ट ताबडतोब उघडी पडली असती.

तात्पर्याच्या कैवाऱ्यांची बाजूही अगदीच दुबळी नाही. डार्सिया नार्वाएझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरीतील व पाचवीतील मुले आणि प्रौढ यांची तुलना केली होती. कथेतील अभिप्रेत नैतिक आशय ओळखण्यात लहान मुले प्रौढांच्या पुष्कळच मागे पडली. म्हणजे कथा ऐकली की बोध आपोआप पोहोचतो, हा आशावाद निराधार आहे, आणि ओळ नुसती खोडून मोकळे होणाऱ्या संपादकाला हे उत्तर आहे. पण शेवटी ओळ छापली की आशय पोहोचला, असेही यातून सिद्ध होत नाही. आशय घटनांच्या अन्वयातून समजणे आणि वाक्य पाठ होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा अभ्यास याच लांडग्याच्या कथेवरचा आहे. कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या 268 मुलांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, ‘लांडगा आला’ ही कथा आणि पिनोक्योची कथा ऐकल्याने मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. वॉशिंग्टन आणि चेरीचे झाड या कथेने मात्र खरे सांगण्याचे प्रमाण वाढले. आणि त्या कथेचाच शेवट पालटून तिच्यात खोट्याचा वाईट परिणाम दाखविला, तेव्हा तो गुण नाहीसा झाला. चेरीच्या झाडाची हकीकत ही मेसन वीम्स या चरित्रकाराने रचलेली, ऐतिहासिक आधार नसलेली आहे. प्रामाणिकपणाची सर्वांत परिणामकारक कथा स्वतः प्रामाणिक नसावी, हा योगायोग मजेदार आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, लांडग्याच्या कथेचे रूढ तात्पर्य तिच्यावर जे ओझे लादते, ते तिला पेलत नाही. खरे बोलावे, हे ती शिकवीत नाही. हाकेवरचा विश्वास खर्च होऊन संपतो, हे ती दाखविते. वर मांडलेला फेरपाठ मुलांना सत्यवादी करील, असा दावा त्यामुळे कोणी करू नये. कथेत जे आहे ते दिसू लागते, एवढेच त्याचे कार्य.

तात्पर्य गाळण्याचा हा व्यवहार सर्वच नीतिकथांना लागू करता येणार नाही, हे पंचतंत्रावरून ध्यानात येते. मराठी बालावृत्त्यांत पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट सुटी करून, खाली ‘नसत्या उठाठेवी करू नयेत’ असे तात्पर्य देण्याचा प्रघात आहे. तेथे सुट्या गोष्टीची शेवटची ओळ खोडली तरी चालेल. माकडाची गत तिच्यात पुरेशी स्पष्ट आहे. पण मूळ मित्रभेदात हा बोध निवेदकाचा नाही. करटक हा कोल्हा तो दमनकाला ऐकवितो, कारण दमनक सिंहाच्या भीतीचे कारण शोधण्याच्या उठाठेवीस निघाला आहे. तेथील बोधपर श्लोक हा संभाषणातला एक डाव आहे. तो काढला तर करटकाचे बोलणेच तुटते, आणि गोष्ट कोणी कोणाला कशासाठी सांगितली, हे कळेनासे होते. तेथे तात्पर्य उच्चारले जाते, दमनक ते शांतपणे ऐकून घेतो, त्यावर आपले प्रत्युत्तर देतो, आणि ठरल्याप्रमाणे पिंगलकाकडे चालू लागतो.